पुण्याची बोली ‘प्रमाण’ झाली ती नक्की कुठल्या टप्प्यावर?

वाटसरू
मराठीच्या प्रमाणभाषेवर चर्चा निघाली की ‘पुण्याच्या ब्राह्मणांची बोली सगळ्यांवर लादली’ या एका वाक्यावर ती येऊन थांबते. लादली असेल तर ती कोणी, कधी आणि कशाच्या जोरावर, हे मात्र कोणी सांगत नाही. बोली आपोआप छापखान्यात जात नाही. कोणीतरी कोश केला, व्याकरण लिहिलं, पाठ्यपुस्तकं काढली, परीक्षेत गुण कापले, तेव्हा ते झालं. हा क्रम इथे नीट लागावा एवढ्यासाठी धागा काढतोय. वऱ्हाडी, अहिराणी, झाडी, मालवणी, मराठवाडी यांचं पुढे काय झालं तेही लिहा. ‘सगळ्याच बोली गोड असतात’ हे मान्य आहे, त्यावर प्रतिसाद खर्च करू नका.

नितळ
क्रम सोपा आहे. १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झालं, १९६२ मध्ये त्यांनी लेखनाचे १४ नियम केले आणि शासनाने ते मान्य केले. १९७२ मध्ये आणखी ४ आले, एकूण १८ झाले. तेव्हापासून प्रमाण मराठी आहे. त्याआधी जो तो आपापल्या मनाने लिहीत होता.

दौतटाक
नितळ, साल आणि आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. ते १८ नियम वाचून बघा. बहुतेक सगळे अनुस्वार, ह्रस्व-दीर्घ आणि सामान्यरूप यांच्याबद्दलचे आहेत. ‘मला’ लिहायचं की ‘मले’, ‘माका’ लिहायचं की ‘मना’, याबद्दल त्यांत अक्षर नाही. कारण तो निकाल १३० वर्षं आधीच लागलेला होता. १९६२ ने लेखन सुधारलं. कोणती बोली, हा प्रश्न तेव्हा टेबलावर आलाच नाही.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. महामंडळाच्या चार मूळ घटक संस्था म्हणजे पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, विदर्भ साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद. विदर्भ आणि मराठवाडा बैठकीत होते. तरीही ‘करून राह्यलो’ किंवा ‘करायलोय’ यांना लेखी मराठीत जागा द्या, अशी मागणी त्यांच्याकडून आली नाही. तोवर तिथला शिकलेला माणूससुद्धा लिहिताना ‘करत आहे’च लिहीत होता. प्रमाणीकरण पुरं झाल्याची खरी खूण ही असते.

आता मूळ क्रम. एकोणिसाव्या शतकाची सुरुवात घ्या. मराठीचं पहिलं छापील काम पुण्यात झालंच नाही, ते बंगालमध्ये श्रीरामपूरला झालं. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, कोश १८१० चा, आणि कोशातले मराठी शब्द मोडी टायपात होते. त्याचे मदतनीस पंडित वैजनाथ हे नागपूरकडचे. म्हणजे पहिली छापील मराठी नागपूरच्या बाजूला झुकलेली होती आणि मोडीही छापली जात होती. ती वाट तिथेच संपली, कारण १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि कंपनीला सर्वात मोठा मराठी मुलूख मुंबई इलाख्यात मिळाला. कचेऱ्या, शाळा आणि छापखाने तिकडे उभे राहिले. श्रीरामपूरची पुस्तकं पश्चिमेला कोणाला लागेनाशी झाली.

मग मुंबई-पुणे पट्ट्यात पंधरा-वीस वर्षांत सगळं घडलं. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिला पैसा पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून आला. मुंबईत शाळापुस्तकं तयार करणारी मंडळी १८२२ पासून कामाला लागली. शास्त्रीमंडळाचा मराठी-मराठी कोश १८२९ मध्ये, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ मध्ये. मोल्सवर्थची दुसरी, वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. कोश आणि व्याकरण हातात आल्यावर ‘बरोबर काय’ याचं उत्तर देणारी वस्तू पहिल्यांदाच निर्माण झाली.

सुवाच्य
पण पेशव्यांच्या काळात पुणे राजधानी होतंच. दप्तरात लाखो कागद आहेत. म्हणजे दरबारी मराठीच पुढे प्रमाण झाली, इंग्रजांनी फक्त ती छापली. यात कोश-व्याकरणाचा मोठा वाटा आहे असं मला वाटत नाही.

दौतटाक
अर्धं मान्य. शब्दसंपत्ती, पत्राचे मायने आणि हिशेबाची भाषा दप्तरातून आली. लेखनाची पद्धत मात्र दप्तरातून येऊच शकत नव्हती, आणि याचं कारण मोडी लिपीत आहे. मोडीत ‘इ’ आणि ‘ई’ व्यवहारात एकाच खुणेने लिहीत, ‘उ-ऊ’ही तसेच. बोलण्यातसुद्धा मराठीत ह्रस्व-दीर्घ वेलांटीमुळे अर्थ बदलणारी जोडी सापडणं कठीण. त्यामुळे कारकुनाला ‘दीन’ की ‘दिन’ हा प्रश्न पडतच नव्हता. छपाईसाठी बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी घेतली आणि प्रत्येक शब्दाला ह्रस्व की दीर्घ ठरवणं भाग पडलं. दप्तरात याचं उत्तर नव्हतं, मग ते संस्कृतातून घेतलं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मूळ रूपात राहिले. बाकीच्यांसाठी ठोकताळे बसवले: शब्दाच्या शेवटी दीर्घ, अकारान्त शब्दाचं उपान्त्य दीर्घ, आणि सामान्यरूपात ते ह्रस्व.

म्हणून ‘दूध’ पण ‘दुधाला’, ‘वीट’ पण ‘विटेवर’, आणि ‘शरीर’ मात्र ‘शरीराला’. ‘शरीर’ संस्कृत आहे म्हणून त्याची वेलांटी बदलत नाही. हे लक्षात ठेवायला शब्द संस्कृतातला आहे की नाही हे माहीत असावं लागतं, आणि दहा वर्षांच्या मुलाला ते माहीत नसतं. ही अडचण पुण्याच्या मुलालाही तेवढीच आहे, कारण हा नियम कोणाच्याच कानाला ऐकू येत नाही.

गुरुजी_अकोट
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी-सहावीला मराठी शिकवतो. चर्चा ऐतिहासिक चालली आहे तरी माझा प्रश्न रोजचा आहे. मुलं लिहितात: ‘मायनं मले पानी देलं.’ पुस्तकात ‘आईने मला पाणी दिले.’ मी लाल पेनाने किती चुका दाखवायच्या? सगळ्या दाखवल्या तर मूल पुढच्या वेळी दोनच ओळी लिहितं. नाही दाखवल्या तर दहावीला गुण जातात. अडचण अशी की ‘पाणी’ची चूक आणि ‘दूध-दुधाला’ची चूक यांना आम्ही एकाच शाईने गोल करतो.

दौतटाक
गुरुजी, तुमचं उदाहरण या धाग्याला मध्यभागी हवं होतं. तेच वाक्य पुण्यातलं मूल घरी कसं म्हणतं? ‘आईनं मला पाणी दिलं.’ पुस्तकातलं ‘आईने मला पाणी दिले’ तेही बोलत नाही. त्याला लिहिताना दोन बदल करावे लागतात: ‘आईनं’चं ‘आईने’ आणि ‘दिलं’चं ‘दिले’. दोन्ही एकाच जातीचे, शेवटच्या ‘अं’चा ‘ए’. एकदा जमलं की आयुष्यभर जमलं.

तुमच्या मुलाला काय करावं लागतं ते मोजा. ‘माय’चं ‘आई’ हा शब्दच वेगळा. ‘नं’चं ‘ने’ हे पुण्यासारखंच. ‘मले’चं ‘मला’ हा विभक्तीचा प्रत्यय वेगळा. ‘पानी’चं ‘पाणी’ हा ध्वनी त्याच्या बोलीत वेगळा नाहीच. ‘देलं’चं ‘दिले’ यात धातूचं रूपही बदलतं आणि शेवटही. चार शब्दांच्या वाक्यात पाच ठिकाणी, आणि वेगवेगळ्या जातींचे बदल. दोन्ही मुलं सारखीच हुशार असतील तरी एकाचं डोकं आशयात असतं, दुसऱ्याचं या बदलांत. प्रमाणभाषेचं ओझं सर्वांवर सारखं नसतं, ते इथे बघता येतं.

सह्याद्रीपार
म्हणजे प्रमाण मराठी ही पुण्याची बोलीसुद्धा नव्हे! ‘केलं’ बोलणाऱ्यांनी ‘केले’ का ठरवलं?

दौतटाक
कारण कोश आणि व्याकरण करणाऱ्यांनी बोलणं टिपलं नाही, शास्त्र्यांच्या लिहिण्या-वाचण्यातली रूपं टिपली. नपुंसकलिंगी शेवट जुना ‘एं’, म्हणजे ‘केलें’. देशावरच्या बोलण्यात त्याचा ‘अं’ झाला. लेखनात ‘एं’ राहिला, आणि १९६२ मध्ये वरचा अनुस्वार गेल्यावर ‘केले’ उरलं. ‘केलं’ला नियमांनी संवादापुरती परवानगी दिली आहे. इथे आपण सगळे ‘केलं’ लिहितोय, ते त्या अर्थाने बोलणंच आहे.

अनुस्वारांचं प्रकरण तर फारच बोलकं आहे. १९६२ पूर्वी ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘केंस’, ‘घरें’, ‘जेथें’ असं लिहीत. देशावर हे अनुनासिक केव्हाच लोपले होते, त्यामुळे अनुस्वार कुठे द्यायचा ते पाठ करावं लागे. कोकणात मात्र अनेकांच्या बोलण्यात ते जिवंत होते. चित्पावनी आणि मालवणी बोलणाऱ्याला यांतले पुष्कळसे अनुस्वार कानाने कळत. नियम सुटसुटीत झाले ते बहुसंख्यांच्या सोयीसाठी, आणि त्यात कोकणच्या उच्चाराचा लेखनातला शेवटचा ठसा पुसला गेला. मला हा बदल योग्य वाटतो. पण सुधारणा करतानाही कोणाचा तरी कान मोजमापाला लागतो, हे विसरू नये.

आणि ‘पुण्याचे ब्राह्मण’ हे वाक्यही थोडं सैल करायला हवं. व्याकरणकार दादोबा मुंबईत जन्मलेले, जातीने ब्राह्मण नव्हते. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर कोकणातल्या पोंभुर्ल्याचे. कोशाचे संपादक इंग्रज. कामाला लावलेले शास्त्री मात्र बहुतेक ब्राह्मण, आणि ज्या पुस्तकी मराठीला सगळे ‘नीट’ मानत होते ती पुण्याच्या विद्वान वर्तुळातली. दादोबांसारख्यांनीही तीच आदर्श धरली. बोली निवडली जाते ती अशी. मतदान वगैरे काही होत नाही. ज्यांना विचारलं जातं, त्यांची भाषा नमुना ठरते.

सुवाच्य
तरी एक मुद्दा राहतोच. प्रमाणभाषा संस्कृत-प्राकृताला जास्त जवळ राहिली, बोलींनी रूपं झिजवली. ‘पाणी’चं ‘पानी’ हे झिजणंच आहे. म्हणून निवड योग्य होती.

सह्याद्रीपार
सुवाच्य, ‘पाणी’ संस्कृत ‘पानीय’वरून येतो आणि मुळात तिथे ‘न’च आहे. ‘न’चा ‘ण’ प्राकृतात झाला. वऱ्हाडीने तो परत ‘न’ केला. मूळ रूपाशी जवळीक मोजायची तर या एका शब्दात वऱ्हाडी संस्कृताच्या जवळ निघेल, आणि त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही.

दुसरं, महाराष्ट्री प्राकृतात अकारान्त पुल्लिंगी शब्दांची प्रथमा ओकारान्त असते. मालवणीत आजही ‘घोडो’, ‘मोठो’, ‘माझो’. तिथे ‘घोडा’ म्हणणारी देशी मराठी दूर गेलेली दिसते. आणि मराठीचा सर्वात जुना मोठा गद्यग्रंथ, लीळाचरित्र, १२७८ च्या सुमाराचा, तो विदर्भातल्या रिद्धपूरला लिहिला गेला. तेराव्या शतकात कोणी प्रमाणभाषा ठरवायला बसलं असतं तर पुण्याचं नाव कोणी घेतलं नसतं.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहिते. धाग्यात कोकणी अजून आली नाही याचं आश्चर्य वाटलं. कोकणी मराठीची बोली नव्हे, हे सगळ्यांना मान्य आहे ना? साहित्य अकादमीने १९७५ मध्ये स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्ये गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. कृपया यादीत टाकू नका.

वाटसरू
मांडवीकाठताई, कोणी टाकलेली नाही. वर ‘मालवणी’ आहे, कोकणी नाही. मालवणी कुठे धरायची हा वाद मोठा आहे, तो इथे नको. पण कोकणीत प्रमाण कोणती बोली झाली, ते सांगाल? तुलनेला उपयोग होईल.

मांडवीकाठ
बरं, गैरसमज माझाच. कोकणीत लेखी नमुना झाली ती अंत्रुजची, म्हणजे फोंडा तालुक्याकडची बोली, आणि लिपी देवनागरी. १९८७ च्या कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी अशी व्याख्याच आहे. मराठीचा वापर सरकारी कामात चालू ठेवायची तरतूदही त्यात आहे. याचा परिणाम असा की साश्टी आणि बार्देसचे ख्रिस्ती वाचक आणि लेखक रोमी म्हणजे रोमन लिपीत लिहीत आले, त्यांची लिपी कायद्याबाहेर राहिली. तियात्र नाटकं आणि रोमी नियतकालिकं जिवंत आहेत, पण शाळेत मूल जी कोकणी शिकतं ती घरच्यापेक्षा वेगळ्या बोलीची आणि वेगळ्या लिपीतली. रोमीला समान दर्जा द्यावा ही मागणी आजही चालू आहे. ज्यांनी ‘आमची भाषा बोली नाही’ म्हणून लढा दिला, त्यांच्याच हातून आत दुसऱ्या बोली मागे पडल्या. मी देवनागरीच्या बाजूची आहे, तरी हे नाकारू शकत नाही.

दौतटाक
ताई, प्रांजळपणे लिहिलंत. गोव्यात हे सारं एका पिढीत घडलं, म्हणून पायऱ्या उघड दिसतात. मराठीत दीड शतक लागलं, त्यामुळे झाकल्या गेल्या.

मराठीच्या मधल्या पायऱ्या राहिल्या, त्या लिहितो. कोश आणि व्याकरणाने नमुना ठरला, पण तो घरोघरी नेला पाठ्यपुस्तकांनी. इथे थॉमस कँडी महत्त्वाचा. मोल्सवर्थबरोबर कोशाचं काम केलेला, पुण्याच्या पाठशाळेचा प्रमुख राहिलेला, पुढे सरकारचा मराठी भाषांतरकार. शाळेची पुस्तकं त्याच्या नजरेखालून जात. लेखक कोणत्याही गावचा असो, छापून येणारी भाषा एकाच चाळणीतून येई. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह यांची मराठीतली शिस्तही त्याच्या खटपटीने बसली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुढे आपल्या ‘निबंधमाला’ मासिकातून याच सरकारी मराठीवर इंग्रजी वळणाची म्हणून टीका केली. आणि त्याच निबंधमालेतून त्यांनी जोतीराव फुल्यांच्या भाषेवर व्याकरणाच्या चुका काढत हल्ला केला. फुल्यांचा मुद्दा जातीच्या आणि शेतकऱ्याच्या पिळवणुकीचा होता. उत्तर भाषेवर आलं. लेखी नमुना एकदा पक्का झाला की आशयाला उत्तर न देता माणसाला गप्प बसवायची सोय होते, हे त्या वादात १८७० च्या दशकातच दिसतं.

मराठवाड्याची गोष्ट वेगळी. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, सरकारी आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मुंबई इलाख्यातल्या पाठ्यपुस्तकांची शंभर वर्षांची सवय तिथे नव्हती. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यावर प्रमाण मराठी तयार माल म्हणून आली. १९६४ चा राजभाषा कायदा झाला, १९६७ मध्ये बालभारती आली. मग गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकच पुस्तक. १८३१ मध्ये सुरू झालेलं काम राज्यभर पोचलं ते खरं तेव्हा.

गुरुजी_अकोट
हे सगळं पटलं. पण लाल पेन अजून हातातच आहे.

दौतटाक
गुरुजी, चुकांच्या तीन टोपल्या करा, आणि तिन्हींना एक वागणूक देऊ नका.

पहिली, वेलांटी-उकाराची. ‘दुध’, ‘विट’, ‘शरिर’. ही महाराष्ट्रभरच्या मुलांची चूक आहे, बोलीशी संबंध नाही. ती वाचनाने आणि ठोकताळ्यांनी सुधारते, घाई करू नका.

दुसरी, ध्वनीची. तुमच्याकडे ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘य’: पानी, केयी, डोया. झाडीपट्टीत ‘ळ’चा ‘र’ होतो, तिथे ‘डोरा’. ही चूक ओळखायची खूण म्हणजे ती नेमाने होते. मूल ‘ण’च्या जागी सगळीकडे ‘न’ लिहील. थोडं शिकल्यावर उलटं सुरू होतं, ‘मन’चं ‘मण’ आणि ‘पान’चं ‘पाण’. शिक्षक याला निष्काळजीपणा समजतात. खरं तर मुलाला इथे दोन ध्वनी आहेत हे कळलंय, कोणता कुठे ते अजून ऐकू येत नाही. तेव्हा आधी लिहायला लावू नका. जोड्या ऐकवा: मन-मण, तन-तण, खान-खाण, काय-काळ, माय-माळ, गाय-गाळ. मुलांनी फक्त सांगायचं, पहिला की दुसरा. दहात आठ-नऊ बरोबर यायला लागले की श्रुतलेखन घ्या. त्याआधी घेतलेलं श्रुतलेखन म्हणजे मुलाला ऐकू न येणाऱ्या गोष्टीसाठी शिक्षा.

तिसरी, व्याकरणाची. मले, देलं, करून राह्यलो. याला चूक म्हणूच नका, कारण हे वऱ्हाडीत नियमाने बरोबर आहे. फळ्यावर दोन रकाने करा, घरचं आणि पुस्तकातलं, आणि मुलांकडूनच रूपांतर करून घ्या: मले-मला, तुले-तुला, आमाले-आम्हाला. ‘ले’चा ‘ला’ होतो हा नियम मुलं दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला स्वतः शोधतात. सुटे शब्द दुरुस्त केले तर पन्नास चुका दिसतात, नियम दाखवला तर एकच बदल उरतो. शब्दांचं, म्हणजे ‘माय’ किंवा ‘काहून’चं, शेवटी बघा. ‘माय’ तर प्रमाण मराठीच्या कोशातही आहे, ती कापण्याचं कारण नाही.

गुरुजी_अकोट
दोन रकाने आमच्यापैकी काही जण करतात, पण ‘य’ची बाजू अवघड आहे. मूल ‘पाय’ आणि ‘डोया’ दोन्हीकडे ‘य’च म्हणतं. ‘पाय’चा ‘य’ तसाच ठेवायचा आणि ‘डोया’चा बदलायचा, हे नियमाने कसं सांगायचं?

दौतटाक
नियमाने सांगता येत नाही. दोन ध्वनी एकात मिसळले की बोलीतून मागे जायची वाट बंद होते, शब्द पाठ करावे लागतात. ‘न-ण’चंही तसंच आहे, म्हणून तिथे जोड्या सांगितल्या. ‘ळ’चे नेहमीच्या वापरातले शब्द फार नाहीत. पाचवीपर्यंत लागणाऱ्या शब्दांची भिंतीवर यादी लावा: डोळा, काळा, केळी, शाळा, फळ, बाळ, गोळी, माळ, सकाळ, मुळा. दुसरा उपाय माझ्याकडे नाही.

नितळ
माझं वरचं १९६२ चं म्हणणं सोडतो. पण परीक्षा मंडळाने काय करावं? उत्तरपत्रिका तपासणारा पुण्याचा असेल तर त्याला ‘करायलोय’ कळणारही नाही. कुठेतरी एक माप लागतंच ना?

सह्याद्रीपार
नॉर्वेत एकाच भाषेचे दोन लेखी नमुने १८८५ पासून समान दर्जाने चालतात. त्यातला एक ईव्हार ओसेनने खेडोपाडी फिरून, बोली गोळा करून बांधला. शिवाय एकेका नमुन्याच्या आतही काही शब्दांना दोन-दोन रूपं मान्य असतात. मराठीत ‘करत आहे’, ‘करून राहिलो आहे’ आणि ‘करायलो आहे’ अशी तिन्ही रूपं लेखी मान्य करायला कोणती अडचण आहे?

दौतटाक
ओसेनचं उदाहरण उपयोगी आहे, पण किंमतही बघा. त्याचा नमुना आज अल्पसंख्य शाळांतच शिकवला जातो, राजधानीचा नमुना बाकी सगळीकडे. दोन नमुने म्हणजे दोन पाठ्यपुस्तकं आणि दोन्ही जाणणारे शिक्षक. मराठीत बोलींच्या सीमा जिल्ह्यावर थांबत नाहीत. अकोल्याची वऱ्हाडी आणि चंद्रपूरची झाडी एका नमुन्यात बसत नाहीत. वेगळा नमुना काढायचा तर आत पुन्हा निवड आली, वर ताईंनी गोव्याचं सांगितलं तसं.

पर्यायी रूपं मान्य करणं मात्र मला शक्य वाटतं. मोल्सवर्थच्या कोशात एकाच शब्दाची दोन-तीन रूपं शेजारी ठेवलेली आहेत, कोकणातले शब्दही भरपूर आहेत. तो कोश आजच्या तपासनिसापेक्षा मोकळा होता. दार नंतर बंद केलं ते परीक्षेने.

सुवाच्य
मी सहमत नाही. कथा-कवितेत बोली यावी, येतेच. बहिणाबाईंची कविता खानदेशची आहे आणि ती आपण पाठ्यपुस्तकात मानाने शिकवतो. पण अर्ज, निकालपत्र आणि विज्ञानाचं पुस्तक यांत रूपं पक्कीच हवीत. वकिलाला ‘राहिलो’ म्हणजे राहण्याचं क्रियापद की चालू काळ, असा संशय येऊ नये.

सह्याद्रीपार
तोच तर प्रश्न आहे. बोलीला कविता आणि पात्रांचे संवाद दिले, विचाराचं गद्य दिलं नाही. बहिणाबाईंची कविता शिकून तिच्यावरचं उत्तर मुलाने त्याच भाषेत लिहिलं तर गुण जातात. ‘राहिलो’चा संशय वाक्यात टिकत नाही. ‘मी अर्ज करून राहिलो आहे’ यात कोणता वकील घर शोधेल?

मांडवीकाठ
एक विचारते. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसाठी बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यात गावोगाव कोणतं रूप वापरतात त्याची नोंद आहे. पर्यायी रूपांची यादी करायची तर तेवढं पुरेल का?

दौतटाक
सुरुवातीला पुरेल. त्या सर्वेक्षणाची पद्धत मला आवडते. ‘तुमची बोली कोणती’ असं विचारण्यापेक्षा एकेक व्याकरणिक वैशिष्ट्य घेऊन ते कुठे कुठे आढळतं याचा नकाशा केला आहे. त्यामुळे ‘वऱ्हाडी’ ही एक पेटी न राहता ‘ले’ प्रत्यय कुठपर्यंत, ‘ळ’चा ‘य’ कुठपर्यंत, अशा वेगवेगळ्या रेषा दिसतात आणि त्या एकमेकींवर बसत नाहीत. पण नोंद बोलण्याची आहे. ‘देलं’ लिहायचं, ‘देल्लं’ की ‘देला’चं नपुंसक म्हणून आणखी काही, हे सर्वेक्षण ठरवत नाही. ते कोणीतरी ठरवायला बसलं की आपण पुन्हा १८२९ च्या शास्त्रीमंडळाच्या खोलीत येतो. या वेळी खोलीत कोण बसवायचं, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही.

गुरुजी_अकोट
निदान एक जण वर्गात शिकवणारा बसवा. ‘देलं’चं विचाराल तर आमच्या शाळेतच दोन प्रकार आहेत, नदीच्या अलीकडची मुलं ‘देलं’ म्हणतात, पलीकडची ‘देल्लं’. सोमवारपासून न-ण च्या जोड्या घेतो. ळ-य च्या यादीत आणखी शब्द कोणाकडे असतील तर इथेच टाका, फक्त पाचवीच्या पुस्तकात येणारे.

सह्याद्रीपार
जवळ, केवळ, वेगळा, पिवळा, सावळी, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, आंघोळ, तळे, खेळ, मोकळा, कावळा, बगळा, जांभळे, कोवळा. ‘खेळ’ आधी घ्या. खेळ, खेळतो, खेळाडू, खेळणी, एका शब्दात चार सुटतात.